हरवलेली बॅग, तीन फोटो आणि एक चुकलेला आकडा : बॅगेज टॅग आणि तक्रार फॉर्म मराठीत कसा वाचून द्यायचा

फॉर्म भरून देण्याच्या दुकानावरच्या व्हिडिओंमध्ये आपण आतापर्यंत शाळेचे दाखले, पॅन, पासपोर्ट असे नेहमीचे कागद पाहिले. या वेळचा कागद रोज येत नाही. पण येतो तेव्हा समोरचा माणूस घाबरलेला असतो, कारण त्याची बॅग विमानात हरवलेली असते आणि हातातल्या कागदावरचं त्याला काही कळत नसतं. व्हिडिओत फोटो भरभर पुढे जातात, म्हणून इथे सावकाश लिहितो. कागद जवळ ठेवून वाचा.

आपल्या जुन्या शहरातून उमऱ्याला जाणारे आणि आखाती देशात कामाला असणारे बरेच लोक आहेत. ते मुंबईला किंवा नागपूरला उतरतात आणि तिथून रेल्वेने, नाहीतर गाडीने अकोल्याला येतात. बॅग आली नाही तर विमानतळावर कोणीतरी एक फॉर्म भरून हातात देतं आणि माणूस तो कागद घेऊन घरी येतो. पुढे काय करायचं ते तो तुमच्या-माझ्यासारख्या दुकानदाराला विचारतो.

फोटो घेऊन आलेला भाचा

मागच्या नोव्हेंबरातली, म्हणजे २०२५ ची गोष्ट. जयहिंद चौकाकडून एक मुलगा आला आणि मोबाइल पुढे करून म्हणाला, "भाऊ, हे काय लिहेल हाय ते वाचून द्या बरं. मामू-मामी उमऱ्याहून आले, पण एक बॅग आलीच नाही. सहा दिवस झाले. फोन केला की शोधणं चालू हाय म्हणतात."

मोबाइलमध्ये तीन फोटो होते. एकात बोर्डिंग पासच्या मागे चिकटवलेल्या दोन छोट्या पट्ट्या होत्या. दुसऱ्यात विमानतळावर मिळालेला तक्रार फॉर्म होता. तिसऱ्यात घरी आलेल्या बॅगेच्या हँडलला अजून लटकलेला लांब टॅग होता. हा तिसरा फोटो त्याने सहजच काढला होता, आणि सगळं काम त्याच फोटोने केलं.

कंपनीचं नाव सांगत नाही. खाली कंपनीच्या अक्षरांच्या जागी XX लिहिलं आहे आणि आकडेही बदलले आहेत.

टॅग वाचताना काय कुठे असतं

```
BOM
XX 0514  09NOV  JED
XX 417265
2/44
```

सगळ्यात मोठी तीन अक्षरं म्हणजे बॅग शेवटी जिथे उतरणार तो विमानतळ. इथे BOM, म्हणजे मुंबई. शहराचं नाव १९९५ मध्ये बदललं, पण विमानतळाचा कोड बॉम्बेवरूनच राहिला. JED म्हणजे जेद्दा, जिथे बॅग जमा केली. मदिनेहून निघाले असते तर MED दिसलं असतं. नागपूर NAG, शारजा SHJ, दुबई DXB. आपल्याकडे हेच कोड जास्त येतात. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे, त्याचा कोड NMI. म्हणून यापुढे गिऱ्हाईक नुसतं "मुंबईला उतरलो" म्हणालं तर थांबा. BOM की NMI हे टॅगवर बघूनच लिहा, कारण चौकशी ज्या विमानतळावर तक्रार नोंदवली तिथेच करायची असते.

भाच्याने विचारलं, "यात अकोला कुठी हाय?" कुठेच नाही. अकोल्यालाही AKD असा कोड आहे, पण शिवणीच्या विमानतळावर नियमित प्रवासी विमानं येत नाहीत, म्हणून टॅगवर तो दिसायचा नाही. कंपनीच्या दृष्टीने मामूंचा प्रवास मुंबईला संपला. अकोला फक्त घरच्या पत्त्यात येतं.

कोणाच्या प्रवासात विमान बदललं असेल तर टॅगवर दोन विमान नंबर आणि मधला विमानतळही छापलेला असतो. तरी मोठी अक्षरं शेवटच्या ठिकाणाचीच असतात. तिकीट नागपूरपर्यंतचं आणि टॅगवर मात्र BOM असेल, तर बॅग नागपूरला येणारच नव्हती. ती मुंबईच्या पट्ट्यावरून स्वतः उचलायची होती. अशी बॅग हरवलेली नसते, ती मुंबईत पडून असते. तक्रार लिहिण्याआधी हे एकदा बघून घ्या.

09NOV ही विमानाची तारीख, ९ नोव्हेंबर. महिना तीन अक्षरांत असतो म्हणून गोंधळ होत नाही. पण तुम्ही अर्जात 09/11 लिहिलं तर काही देशांत ते ११ सप्टेंबर वाचलं जातं. तारीख टॅगवर आहे तशीच उतरवा.

आता नंबर. बारकोडखाली दहा आकडी नंबर असतो. पहिला आकडा टॅगच्या प्रकाराचा, पुढचे तीन विमान कंपनीचे आणि शेवटचे सहा त्या बॅगेचे. तक्रार फॉर्मवर तोच नंबर बहुतेक वेळा थोडक्यात लिहितात, कंपनीची दोन अक्षरं आणि शेवटचे सहा आकडे. दोन्ही कागदांवरचा नंबर वेगळा दिसला म्हणून घाबरू नका. शेवटचे सहा आकडे जुळतात का एवढंच बघा.

चूक कुठे होती

मामूंच्या दोन पट्ट्यांवर 417265 आणि 417266 असे लागोपाठचे नंबर होते. बॅगा एकाच वेळी जमा केल्या की असं होतं. तक्रार फॉर्मवर हरवलेल्या बॅगेचा नंबर XX 417265 लिहिलेला होता. मग मी तिसरा फोटो मोठा करून पाहिला. घरी आलेल्या बॅगेच्या टॅगवर शेवटी 65 होतं.

म्हणजे जी बॅग मामींच्या पलंगाखाली होती, तिचाच नंबर सहा दिवस शोधला जात होता. हरवलेली बॅग 66 ची होती. विमानतळावर रात्री थकलेल्या मामूंनी दोन पट्ट्या पुढे केल्या, समोरच्याने वरची पट्टी पाहून नंबर उतरवला, मामूंनी इंग्रजी कागदावर सही केली. कोणी मुद्दाम केलं नाही, पण शोध चुकीच्या नंबरावर चालू होता.

म्हणून मित्रांनो, या कामात भाषांतराच्या आधी एक गोष्ट करायची. आलेल्या बॅगेचा टॅग मागवायचा. तिचा नंबर पट्ट्यांवर शोधून त्यावर खूण करायची. जो नंबर उरेल तो हरवलेल्या बॅगेचा. तोच फॉर्मवर आहे का ते बघायचं. दोन मिनिटांचं काम आहे. गिऱ्हाइकाने टॅग कापून फेकला असेल तर बारकोडचा छोटा स्टिकर बॅगेच्या अंगावर कुठेतरी चिकटलेला असतो, तो शोधायला सांगा. उमऱ्याहून येणाऱ्यांना आणखी एक विचारा : झमझमच्या कॅनला वेगळा टॅग होता का? तो लावलेला असेल तर तीही एक पट्टी असते आणि मोजणीत घोळ होतो.

वजनाचा आकडा

2/44 म्हणजे दोन नग, दोन्ही मिळून ४४ किलो. अनेक जण हे "दोनपैकी ४४ किलोची बॅग" असं वाचतात, ते चूक आहे. तिकिटावर 2PC लिहिलं असेल तर दोन नगांची परवानगी, आणि 30K लिहिलं असेल तर सगळे मिळून ३० किलोची परवानगी. ही परवानगी झाली. प्रत्यक्षात किती वजन दिलं ते पट्टीवर किंवा बोर्डिंग पासवर असतं, आणि आपल्याला तेच हवं असतं.

पण ४४ किलो दोन्ही बॅगांचं मिळून आहे. मग हरवलेली किती किलोची? मामींनी दोन्ही बॅगांत भेटवस्तू वाटून भरल्या होत्या, म्हणून दुसरी येईपर्यंत पहिली उघडायची नाही असं ठरवलं होतं. मी भाच्याला म्हटलं, ती बॅग तशीच शेजारच्या धान्याच्या दुकानात ने, काट्यावर ठेव आणि आकडा दिसेल असा फोटो काढ. २३ किलो भरली. म्हणजे हरवलेली साधारण २१ किलोची. हा आकडा वहीत लिहून ठेवला. पुढे तो उपयोगी पडला.

फॉर्मवरचे रकाने

विमानतळावर मिळणाऱ्या या कागदाला पीआयआर म्हणतात. आपण त्याला मराठीत "बॅगेबाबत तक्रारीची नोंद" म्हणू. ही नोंद आहे, भरपाईचा अर्ज नाही. गिऱ्हाइकाला हे पहिल्यांदा सांगा, कारण बहुतेकांना वाटतं की कागद मिळाला म्हणजे अर्ज झाला.

वरच्या कोपऱ्यात `BOMXX10482` असा नंबर असतो. पहिली तीन अक्षरं तक्रार जिथे नोंदवली त्या विमानतळाची, पुढची दोन कंपनीची, मग पाच आकडे. हा तक्रारीचा नंबर. फोनवर, मेलमध्ये, वेबसाइटवर बॅग शोधताना, सगळीकडे हाच लागतो. टॅगचा नंबर आणि हा नंबर यांची अदलाबदल करू नका.

बॅगेच्या वर्णनाच्या रकान्यात `BK22HWX` असं काहीतरी दिसेल. BK म्हणजे काळी. 22 हा काउंटरवरच्या चित्रांच्या तक्त्यातला बॅगेच्या प्रकाराचा नंबर. H म्हणजे वर ओढायचा दांडा, W म्हणजे चाकं, X म्हणजे जागा रिकामी. गिऱ्हाइकाला विचारा, "बॅग काळीच होती ना? चाकं होती?" मामींनी लगेच सांगितलं की हरवलेली बॅग निळी होती, काळी तर घरी आहे. निळीला BU लिहितात. नंबर ज्या बॅगेचा लिहिला होता, वर्णनही तिचंच लिहिलं गेलं होतं.

सामानाच्या रकान्यात पुष्कळदा नुसतं "कपडे" लिहिलेलं असतं. याने बॅग ओळखता येत नाही, कारण कपडे सगळ्याच बॅगांत असतात. टॅग तुटून पडला असेल तर बॅग उघडून आतलं सामान या यादीशी जुळवतात. म्हणून वेगळं ओळखू येईल असं काही लिहायचं. मामींनी सांगितलं : हिरव्या कापडात गुंडाळलेल्या चार जानमाज, अजवा खजुराचे दोन डबे आणि मामूंच्या मधुमेहाच्या गोळ्यांचा स्टीलचा डबा. हे झालं ओळखू येणारं सामान.

पत्त्याचे दोन रकाने असतात, कायमचा आणि तात्पुरता. घरी पोचल्यावर तात्पुरत्या पत्त्याचा उपयोग राहत नाही. कायमच्या पत्त्यात पिन कोड आणि चालू भारतीय मोबाइल नंबर आहे का ते बघा. मामूंच्या फॉर्मवर सौदीचं सिम होतं, जे केव्हाच बंद झालं होतं. कंपनीने फोन केला असता तरी लागला नसता.

बॅग परदेशातून मागाहून येते तेव्हा ती मुंबईच्या कस्टममधून सुटावी लागते. म्हणून कुलपाचा नंबर किंवा किल्ली यासाठीही रकाना असतो. खरं तर प्रवाशाने बॅगेविना विमानतळ सोडण्याआधी कंपनीच्या कागदावर कस्टमची सही घ्यायची असते, त्यात करमाफीची किती मर्यादा उरली ते लिहितात. गिऱ्हाईक पुन्हा जाणार असेल तर हे त्याला आधीच सांगून ठेवा.

त्या दिवशी आम्ही एक छोटा मेल केला. विषयात तक्रारीचा नंबर. मजकूर चार ओळींचा : फॉर्मवरचा टॅग नंबर आलेल्या बॅगेचा आहे, हरवलेल्या बॅगेचा नंबर 417266 आहे, रंग निळा आहे, नवा मोबाइल नंबर हा आहे. सोबत तिन्ही फोटो. चार दिवसांनी, १९ नोव्हेंबरला, बॅग अकोल्याला घरी आली.

बॅग आली, तरी काम संपलं नव्हतं

भाच्याचा फोन आला. मी म्हटलं, उघडू नका, आधी काट्यावर ठेवा. साडेसतरा किलो भरली. असायला हवी होती २१. म्हणजे साडेतीन किलोची तूट. मग उघडली. कुलूप तुटलेलं, अत्तराच्या बाटल्यांचं खोकं आणि खजुराचा एक डबा गायब.

इथे मुदती कळायला हव्यात. आंतरराष्ट्रीय प्रवासाला माँट्रियल करार लागू होतो. भारत त्यात २००९ पासून आहे, सौदी अरेबियाही आहे. त्यातल्या मुदती मामूंच्या तारखा घालून सांगतो.

बॅग फुटली किंवा सामान कमी निघालं तर बॅग हातात आल्यापासून सात दिवसांत लेखी कळवायचं. बॅग १९ ला आली, म्हणजे २६ नोव्हेंबरपर्यंत. बॅग उशिरा आल्यामुळे झालेल्या खर्चासाठी हातात आल्यापासून २१ दिवस, म्हणजे १० डिसेंबरपर्यंत. बॅग आलीच नसती, तर यायला हवी होती त्या दिवसापासून २१ दिवस, म्हणजे ३० नोव्हेंबर उलटल्यावर ती हरवली असं धरून भरपाई मागता आली असती. आणि कोर्टात जायचं झालं तर पोचल्याच्या तारखेपासून दोन वर्षांच्या आत.

यातला "लेखी" हा शब्द महत्त्वाचा आहे. कॉल सेंटरला वीस फोन केले तरी ते लेखी होत नाही. मेल करा आणि त्याची प्रिंट गिऱ्हाइकाला द्या.

आम्ही २१ तारखेला एकाच मेलमध्ये दोन वेगळे परिच्छेद लिहिले. पहिला कमी निघालेल्या सामानाचा : दोन्ही काट्यांचे फोटो, 2/44 ची पट्टी, तुटलेल्या कुलपाचा फोटो, अत्तराच्या दुकानाची पावती. दुसरा उशिराचा : मामूंच्या गोळ्या अकोल्यात नव्याने घेतल्याचं मेडिकलचं बिल. काट्याच्या हिशोबाने चोरी सिद्ध होते असं नाही, पण "बॅगेत एवढं नव्हतंच" असं म्हणणं कंपनीला अवघड जातं.

किती मागायचं

करारात एका प्रवाशासाठी मर्यादा आहे. २८ डिसेंबर २०२४ पासून ती १,५१९ एसडीआर झाली, आधी १,२८८ होती. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक आहे, त्याचा रुपयातला भाव रोज बदलतो. एका एसडीआरला १२० रुपये धरले तर १,८२,२८० रुपये होतात. गिऱ्हाईक हा आकडा मोबाइलवर वाचून येतं आणि म्हणतं, "तेवढेच लिहा." तसं लिहू नका. ती जास्तीत जास्त मर्यादा आहे, मिळायची रक्कम नव्हे. मिळतं ते दाखवता येईल त्या नुकसानाचं. देशातल्या देशात प्रवास असेल तर ही मर्यादा लागू होत नाही. तिथे वेगळी आणि बरीच कमी असते, ती त्या कंपनीच्या नियमांत बघून घ्या.

मामींची एक सोन्याची अंगठीही त्या बॅगेत होती म्हणे. पावती नव्हती. शिवाय दागिने, रोख, मोबाइल जमा करायच्या बॅगेत ठेवू नयेत असं कंपन्यांच्या नियमांत लिहिलेलंच असतं. मी त्यांना तसं स्पष्ट सांगितलं. त्यांच्या आग्रहाखातर यादीत लिहिलं, पण "पावती नाही" असंही लिहिलं. अडीच महिन्यांनी कंपनीने अत्तराचे, गोळ्यांचे आणि कुलपाचे पैसे दिले. अंगठीचे दिले नाहीत.

दुकानदाराने कुठे थांबायचं

या कामाचे मी दोन भाग करतो. कागद वाचून मराठीत एका पानावर लिहून देणं हा पहिला भाग, मेल तयार करणं हा दुसरा. दोन्हींचे पैसे आधी सांगतो. मिळालेल्या भरपाईतला टक्का मी घेत नाही. टक्का घेतला की आकडा फुगवायचा मोह होतो, आणि फुगवलेल्या एका आकड्यामुळे खऱ्या पावत्यांवरही शंका येते.

भाषांतराच्या पानावर टॅगचे नंबर, कोड आणि तारखा इंग्रजीत होत्या तशाच ठेवा, शेजारी मराठी अर्थ लिहा. न वाचता येणारं अक्षर अंदाजाने भरू नका, "फोटोत अस्पष्ट" असं लिहून नवा फोटो मागवा. 8 आणि B, 0 आणि O यांत सगळ्यात जास्त चुका होतात. मेल गिऱ्हाइकाच्याच खात्यावरून पाठवा, म्हणजे उत्तर त्यालाच येईल. काम झालं की पासपोर्टचे आणि तिकिटाचे फोटो त्याच्यासमोर आपल्या मोबाइलमधून काढून टाका.

आता सरावासाठी घरातली जुनी बॅग काढा. हँडलला किंवा अंगावर एखादा टॅग, स्टिकर उरलेला असेलच. त्यावरचा शेवटचा विमानतळ, तारीख आणि नंबराचे शेवटचे सहा आकडे एका कागदावर लिहा. जिथे अडाल तो भाग कमेंटमध्ये विचारा, फोटो टाकताना नाव आणि बारकोड झाका. पुढच्या व्हिडिओत अशाच मेलचा मजकूर ओळीने लिहून दाखवतो.